ड्रायव्हर नसलेला स्कॅनर, आणि त्याचा खरा नंबर

खानापुरात तहसील कचेरीजवळ माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. दुकानात कॅननचा LiDE 25 हा जुना चपटा स्कॅनर आहे. त्याला वेगळा वीजपुरवठा लागत नाही, यूएसबीच्या वायरीवरच चालतो. कोअर टू ड्युओचा तेवढाच जुना कॉम्प्युटर आणि त्यात बत्तीस बिटचं विंडोज ७, अशी जोडी कित्येक वर्षं विनातक्रार चालली. मग हार्ड डिस्क गेली. बेळगावच्या मेकॅनिकनं नवी डिस्क घालून विंडोज १० टाकून दिलं. मराठी टायपिंगचं श्रीलिपी, कन्नडचं नुडी, प्रिंटर, सगळं चालू झालं. स्कॅनर तेवढा राहिला.

मेकॅनिकला फोन केला तर म्हणाला, "त्याचा ड्रायव्हरच मिळत नाही बघा साहेब. जुना झालाय, नवा घेऊन टाका की."

मशीनमध्ये बिघाड नव्हता, हे मला माहीत होतं. वायर जोडली की विंडोज टिंग करून आवाज द्यायचं आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या उद्गारचिन्हासकट एक ओळ यायची. म्हणजे वीज पोचत होती, बोलणंही पोचत होतं, फक्त ते समजून घेणारा समोर कोणी नव्हता. अडचण बिटांची होती. मेकॅनिकनं टाकलेलं विंडोज चौसष्ट बिटचं होतं आणि या मॉडेलचा विंडोज ड्रायव्हर फक्त बत्तीस बिटचा आहे. बत्तीस बिटचे साधे प्रोग्रॅम चौसष्ट बिटच्या विंडोजवर चालतात, म्हणून श्रीलिपी चाललं. ड्रायव्हरला ती सवलत नाही. जुन्या सीडीवरचा सेटअप कम्पॅटिबिलिटी मोडमध्ये कितीही वेळा चालवा, उपयोग शून्य.

माझा पुतण्या बेळगावात इंजिनिअरिंगला आहे. रविवारी तो आला आणि पहिलं वाक्य बोलला, "काका, वरचं स्टिकर नका बघू, आतला नंबर बघा." त्या पिवळ्या ओळीवर राइट क्लिक, Properties, मग Details, आणि खालच्या यादीतून Hardware Ids. तिथं हे होतं:

```
USB\VID_04A9&PID_2220
```

पहिला आकडा बनवणाऱ्याचा, दुसरा मॉडेलचा. इंटरनेटवर शोधायचं असेल तर हे शोधावं. मॉडेलचं नाव टाकलं की ‘ड्रायव्हर अपडेटर’वाल्यांची झुंड अंगावर येते. कुठलाही स्कॅनर टाका, सगळ्यांकडे ‘लेटेस्ट ड्रायव्हर’ हजर! ते उतरवून घ्यायचं नाही, एवढं नक्की. माझ्या कॉम्प्युटरवर लोकांची आधार कार्डं आणि जमिनीचे कागद असतात.

एक जुगाड पुतण्यानं दाखवला. त्याच घराण्यातल्या पुढच्या मॉडेलचा चौसष्ट बिटचा ड्रायव्हर घ्यायचा, त्याची .inf फाइल नोटपॅडमध्ये उघडून त्यातला नंबर काढायचा आणि आपला घालायचा. पण त्या फाइलीतलं एक अक्षर बदललं तरी तिच्यावरची डिजिटल सही जुळत नाही. विंडोज लगेच अडवतं: "The hash for the file is not present in the specified catalog file." पुढं जायचं तर Startup Settings मध्ये जाऊन सहीची तपासणी बंद करून इन्स्टॉल करावं लागतं. घरच्या मशीनवर मी कदाचित केलंही असतं. दुकानातल्यावर नको म्हटलं. शिवाय आतली चिप वेगळी निघाली तर एवढं करूनही स्कॅनर बोलेलच याची खात्री नाही.

मग त्यानं पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट आणलं. डिस्कवर काही टाकायचं नव्हतं, नुसतं पेनड्राइव्हवरून सुरू करून बघायचं. लिनक्समध्ये स्कॅनरचं काम सेन नावाची व्यवस्था बघते. तिच्यात ड्रायव्हर सहसा मॉडेलगणिक नसतात, आतल्या चिपच्या कुळाप्रमाणे असतात. त्यांना बॅकएंड म्हणतात. आमच्या स्कॅनरचं कूळ plustek या बॅकएंडमध्ये बसतं. ते लिहिणारे बनवणाऱ्या कंपनीचे नोकर नव्हेत, त्यामुळे कंपनीनं मॉडेल सोडलं म्हणून यांनी सोडलं असं होत नाही.

टर्मिनल उघडून त्यानं तीन कमांड याच क्रमानं दिल्या:

```
lsusb
sane-find-scanner
scanimage -L
```

हा क्रम माझ्या चांगला लक्षात राहिला, कारण अडलंय कुठं ते यातून कळतं. पहिल्या कमांडच्या यादीत 04a9:2220 दिसलं नाही तर दोष वायरीचा किंवा पोर्टचा. आमचं तसंच झालं. पुढच्या पोर्टला नंबर येत-जात होता. पाठीमागं मदरबोर्डच्या पोर्टला जोडल्यावर स्थिरावला. यूएसबीच्याच विजेवर चालणाऱ्या मशीनचं जुन्या कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टवर असं होतं. दुसऱ्या कमांडला स्कॅनर सापडला पण तिसरीला नाही, तर मशीन ठीक आहे, बॅकएंड नाही किंवा परवानगी नाही. तिसरी sudo लावून, म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकारानं चालली आणि sudo शिवाय चालली नाही, तर नक्कीच परवानगी. आमच्याकडे तिसरीनं plustek:libusb:001:004 असं उत्तर दिलं. शेवटचे आकडे वायर काढून घातली की बदलतात, म्हणून ते कुठं लिहून ठेवायचे नाहीत.

काहीही इन्स्टॉल न करता मिंटमधल्या डॉक्युमेंट स्कॅनरनं एका गिऱ्हाइकाचा मराठी शाळेचा दाखला उचलला. काचेखालची पट्टी सरकायला लागली तेव्हा पुतण्या म्हणाला, "बघा, मेलाय म्हणूलालता मेकॅनिक."

एकच कागद असला तर ते प्रोग्रॅम बरं. गठ्ठा असला की मी कमांड वापरतो:

```
scanimage --mode Gray --resolution 300 -x 210 -y 297 --format=png > paan1.png
```

-x आणि -y मिलिमीटरमध्ये आहेत, ए-फोरचं माप. ते दिलं नाही तर हा बॅकएंड पानाचा वरचा तुकडाच उचलतो आणि माणूस उगीच काच पुसत बसतो. अक्षरांच्या कागदाला ३०० डीपीआय पुरे. स्कॅनरवरची बटणं चालतील असं धरून चालू नये, काम स्क्रीनवरूनच करायचं.

विंडोज काढून टाकणं शक्य नव्हतं. मराठीला श्रीलिपी आणि कन्नड अर्जांना नुडी रोजचं लागतं. म्हणून मिंट शेजारी टाकलं, चालू करताना कुठलं हवं ते निवडायचं. स्कॅन सरळ विंडोजच्या डी ड्राइव्हवर ठेवायचे ठरवलं, तर मिंट तिथं लिहूच देईना. विंडोज १० बंद करताना पूर्ण बंद होत नाही, फास्ट स्टार्टअपसाठी अर्धवट झोपतं आणि ड्राइव्ह अडकवून ठेवतं. विंडोजमध्ये अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ही एक ओळ दिली आणि नीट शटडाउन केलं:

```
powercfg /h off
```

विंडोज उघडायला आता थोडा जास्त वेळ घेतं. पण डी ड्राइव्ह दोन्हीकडून उघडतो. सकाळी मिंट लावून साठलेले कागद स्कॅन करून घेतो, आणि कचेरी उघडायच्या सुमारास विंडोजवर येतो.