कणगरांच्या नावाखाली आलेल्या अळकुड्या

महाशिवरात्रीला आमच्याकडे कणगरं हे कंद उकडतात. यंदा गावाहून कोणी येणार नव्हतं, म्हणून एका भाजीच्या अ‍ॅपवरून मागवली. चित्र कणगरांचं, पिशवीवर नाव कणगरांचं, आत मात्र अळकुड्या, म्हणजे अळूचे कंद. मी कामावर होते. लेकीनं नाव वाचून कणगरांसारख्याच मीठ घालून उकडल्या आणि सुरी जरा रुतल्यावर उतरवल्या. सासऱ्यांनी दोन खाल्ल्या आणि त्यांचा घसा खाजायला लागला. ताक दिलं, तासाभरात बरं वाटलं. जीभ किंवा ओठ सुजले असते, श्वास लागला असता, तर ताकावर न थांबता थेट डॉक्टरांकडेच नेलं असतं.

तक्रार केली तर उत्तर आलं, ‘दोन्ही कंदच आहेत, फोटोत फरक दिसत नाही.’ पुन्हा फोटो, पुन्हा तेच उत्तर. माझा संताप पैशांसाठी नव्हता. एक कंद घशाला लागतो आणि दुसरा लागत नाही, हे भाजी विकणाऱ्याला कळायला नको?

माती लागलेल्या ढिगाच्या फोटोत दोन्ही खरंच सारखे दिसतात. दोन्ही तपकिरी, लांबट, केसाळ. म्हणून मी एक अळकुडी ब्रशनं घासून धुतली, कोरडी केली, शेजारी दहाचं नाणं ठेवलं आणि खिडकीतला उजेड बाजूनं येईल असा जवळून फोटो काढला. आता अंगभर आडवी वलयं स्पष्ट दिसली, बोटाला बांगड्या घालाव्यात तशी एकाखाली एक. अळकुडी म्हणजे जमिनीखालचं खोड. पानाचा देठ जिथे जिथे चिकटलेला असतो तिथे एकेक वलय उरतं, आणि टोकाला कोंब असतो. कणगराला वलयं नसतात. त्याची साल पातळ, तिच्यावर बारीक मुळ्या विखुरलेल्या, कधी काट्यांसारख्या टणक. कापून दाखवण्यात अर्थ नव्हता, कारण आतून दोन्ही पांढरे आणि दोन्हींना चीक. वलयांवर बोट ठेवलेला फोटो पाठवला, तेव्हा कुठे पैसे परत आले. चित्राखालचं नाव अजून तेच आहे.

तेव्हापासून बाजारातून भाऊ फोटो पाठवतो तेव्हा मी आधी वलयं शोधते. मोठा, वलयं असलेला गड्डा दिसला तर तोही अळूचाच. गोव्यात त्याला माडी म्हणतात. मधला मोठा गड्डा म्हणजे माडी आणि त्याच्या बाजूची पिल्लं म्हणजे अळकुड्या. जात एकच, त्यामुळे खाज दोघांनाही.

रताळ्यावर वेळ घालवायला नको. दोन्ही टोकांना निमुळतं, साल गुलाबी किंवा पांढरी, वलयं नाहीत. घसा खाजत नाही. कोनफळ ओबडधोबड असतं, साल काळपट, कापल्यावर आत जांभळं. सोलताना हाताला थोडं खाजतं, शिजल्यावर काही नाही. सुरण चपटा, मोठा, खडबडीत, मधोमध खळगा. बहुतेक वेळा कापलेले तुकडे विकायला असतात आणि आतला रंग फिकट गुलाबी-नारिंगी. सालीची कड फोटोत नसेल तर मी भावाला सांगते, दुकानदाराकडून अख्खा गड्डा दाखवून घे.

घशाला लागतात त्या अळू-सुरणाच्या कुळातल्या गोष्टी: सुरण, अळकुडी, माडी, शिवाय अळूची पानंसुद्धा. यांच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. ते घशाच्या आतल्या अस्तरात रुततात आणि कंदातली प्रथिनं तिथली आग वाढवतात. उकळून सुया विरघळत नाहीत; नीट शिजवल्यानं त्या प्रथिनांचा जोर जातो, म्हणून ‘जरा शिजलं’ चालत नाही. अळकुडी मधोमध सुरी विनासायास जाईल आणि बोटानं कुस्करेल इतकी शिजली पाहिजे. सुरणाचे दोन सेंटीमीटरचे तुकडे चिंच किंवा आमसूल घातलेल्या पाण्यात वीसेक मिनिटं उकडायचे आणि ते पाणी टाकून द्यायचं. सुरणाचे काप सरळ रव्यात घोळवून तळले तर बाहेरून खरपूस होतात आणि आत कच्चे राहतात. घसा तिथेच पकडला जातो. उकडून मग तळायचे.

हो, सोलण्याचं राहिलं. ओल्या हातानं सोलू नका. कंद कोरडा, हात कोरडे आणि हाताला तेल. धुवायचं ते सोलून झाल्यावर. आणि कच्चा तुकडा जिभेला लावून ओळखायचा प्रयत्न कोणी करू नये.