दहा मण भात म्हणजे नेमकं किती? भातशेतीच्या सर्वेक्षणातला माझा अनुभव

मालवण तालुक्यातल्या एका गावात मी प्रगणक म्हणून भाताच्या सर्वेक्षणाचं काम केलं. हातात छापील फॉर्म होता. लागवडीखालचं क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, उत्पादन क्विंटलमध्ये आणि खत किलोमध्ये भरायचं होतं. हंगामाचे रकाने तीन होते: खरीप, रब्बी, उन्हाळी. गावात मात्र कोणाच्याही तोंडी यातलं एकही माप नाही. जमीन सांगायची तर गुंठ्यांत, नाहीतर किती पायली बी लागतं त्यावरून, आणि पीक सांगायचं तर मणात किंवा खंडीत.

एका काकींचं घर उदाहरणादाखल घेतो, कारण त्या एका घरात जवळजवळ सगळ्या अडचणी एकदम भेटल्या.

क्षेत्र विचारल्यावर त्यांनी कपाटातून सातबारा काढून दिला. त्यावर सासऱ्यांच्या वडिलांचं नाव, खाली भाऊबंदांची रांग आणि क्षेत्र सगळ्यांचं मिळून. वाटण्या तोंडी झालेल्या, त्यामुळे कागदावरून काकी किती कसतात ते कळणं अशक्यच. "चार पायली बी पडता," असं त्यांनी सांगितलं. पण बियाण्यावरून क्षेत्र काढणं जोखमीचं. तरवा, म्हणजे लावणीसाठीची रोपं, कोणी दाट टाकतं, कोणी विरळ, आणि बी घरचं आहे की विकतचं यावरही प्रमाण बदलतं. शेवटी टेप घेऊन कुणग्यांवर, म्हणजे भाताच्या छोट्या तुकड्यांवर गेलो. गुंठा म्हणजे तेहेतीस फूट बाय तेहेतीस फूट. कुणगे चौकोनी नसतात, म्हणून लांबी एकदा आणि रुंदी तीन ठिकाणी घेऊन सरासरी काढली. तीन कुणगे मिळून १३ गुंठे भरले. त्यातला एक भाऊबंदांचा, खंडाने घेतलेला. तो सातबाऱ्यावर काकींच्या नावाने कधीच सापडला नसता.

मग उत्पादन. "यंदा भात किती झालं?" याला उत्तर आलं, "धा मण." आम्हाला दिलेल्या तक्त्यात मण म्हणजे ४० किलो असं छापलेलं होतं. म्हणजे चार क्विंटल, लिहा आणि पुढच्या घरी चला. पण इथला मण वजनाचा नाही, मापाचा आहे. त्या वाडीत बारा पायलीचा मण चालतो, आणि खाडीपलीकडे सोळा पायलीचाही ऐकला. पायलीसुद्धा घरोघरी एकच असेल याची खात्री नाही. म्हणून त्यांचीच पायली मागितली, त्यांच्याच कणगीतलं भात भरलं आणि ताणकाट्याला लावलं: २.६ किलो. हे सपाट माप. वर शीग लावली, म्हणजे काठाच्या वर रास केली, तर वजन आणखी वाढतं, तेव्हा खळ्यावर मोजताना शीग लावली होती की हात फिरवला होता, हेही विचारावं लागतं. काकींनी हात फिरवूनच मोजलं होतं. म्हणजे त्यांचा मण ३१ किलोंच्या आसपास आणि दहा मण म्हणजे १२० पायली, ३१२ किलो. तक्त्यापेक्षा जवळजवळ नव्वद किलो कमी.

१३ गुंठ्यांत ३१२ किलो म्हणजे गुंठ्याला २४ किलो. अगदीच अशक्य आकडा नाही, पण त्या साली पाऊस बरा होता आणि शेजारच्या कुणग्यांत गुंठ्याला तीस किलोच्या आसपास भात निघालं होतं. इथे मी प्रश्न उलटा विचारला: झालं किती ते सोडा, गेलं कुठे कुठे? कापणीच्या मजुरीत बारा पायली भात दिलेलं. खंडाच्या कुणग्याचे बारा पायली भाऊबंदांना. बियाण्याचे चार पायली वेगळ्या पोत्यात. देवळात दोन. हे सगळं आधी का नाही सांगितलं, असं विचारल्यावर काकी म्हणाल्या, "ता कणगेत खंय इला? ता खळ्यारच गेला."

दहा मण हे कणगीत पडलेलं भात होतं, शेतात पिकलेलं नव्हे. तीस पायली त्यात मिळवल्या की १५० पायली, म्हणजे ३९० किलो, गुंठ्याला बरोबर ३०. हेक्टरी हिशेब केला तर तीस क्विंटलच्या जवळ.

आता गंमत बघा. तक्त्याने न विचारता लिहिलं असतं तर ४०० किलो लागले असते, म्हणजे खऱ्या आकड्याच्या अगदी शेजारी. मण मोठा धरल्याची चूक आणि खळ्यावरून गेलेलं भात सुटल्याची चूक, दोन्हींनी एकमेकींना झाकून टाकलं असतं. कार्यालयात बसून फॉर्म तपासणाऱ्याला काहीच खटकलं नसतं. पण पुढच्या वाडीत एका घराने मजुरी पैशांत दिली होती, जमीन स्वतःची होती आणि सगळं भात कणगीत आलं होतं. त्यांचे मण चाळिसाने गुणले असते तर पीक सव्वापटीहून जास्त फुगलं असतं. म्हणून फॉर्मच्या कडेला मी प्रत्येक घराची पायली किती किलोची, मण किती पायलींचा आणि खळ्यावरून काय गेलं, हे तिन्ही लिहायला लागलो. पर्यवेक्षक आधी कुरकुरले, कडेची जागा शेऱ्यांसाठी असते म्हणून. नंतर त्यांनीच बाकीच्यांना तसं लिहायला सांगितलं.

तारखांचं तर विचारूच नका. "पेरणी कोणत्या महिन्यात?" या प्रश्नाला कोणी जून म्हणतं, कोणी जुलै, कारण एक तरवा टाकल्याचं सांगतो आणि दुसरा लावणीचं. रोहिणीत टाकला की मृगात, लावणी आर्द्रात सुरू केली की पुनर्वसूत, असं विचारलं की उत्तर झटकन येतं. कापणी गणपतीनंतर किती दिवसांनी, दसऱ्याच्या आधी की नंतर, हेही लोकांना पक्कं आठवतं. "गेल्या वर्षी" हा शब्द तर मी टाकूनच दिला. आम्ही मे महिन्यात फिरत होतो. भात गेल्या साली निघालेलं, त्याच जमिनीत ओलीवर केलेला कुळीथ यंदा निघालेला, आणि दोन्ही एकाच कृषी वर्षातले. त्याऐवजी "गेल्या पावसातलं भात आणि त्याच्यावरचं पीक" असं विचारलं की घोळ होत नाही. वायंगणाचं, म्हणजे पावसाळ्यानंतर पाण्यावर घेतलेलं भात मी उन्हाळीत लिहिलं आणि शेजारी 'वायंगण' असंही लिहून ठेवलं, नाहीतर कोणी ते रब्बीत ढकलणार हे नक्की.

खताचा रकाना दिसायला सोपा होता. काकी म्हणाल्या, युरियाची एक गोणी. पण ती तीन घरांनी मिळून आणलेली, आणि त्यांच्या वाट्यातला तिसरा हिस्सा माडांना गेलेला. २०१८ पासून युरियाची गोणी ५० ऐवजी ४५ किलोंची झाली आहे, तरी बऱ्याच जणांच्या डोक्यात अजून पन्नासच आहे. तेव्हा वाट्याचे १५ किलो, त्यातले भाताला १०. नुसतं 'एक गोणी' लिहिलं असतं तर भाताला साडेचारपट युरिया दाखवला गेला असता. शेणखताला मात्र माझ्याकडे धड उपाय नव्हता. ते पाट्यांनी मोजतात, पाटी कधी ओली कधी सुकी, आणि तरव्याच्या राबाला किती नि शेताला किती हे कोणीच वेगळं ठेवत नाही. तिथे मी पाट्यांची संख्या लिहिली आणि किलोचा रकाना कोरा सोडला.