पेस्ट्री क्रीम: रात्री घट्ट, सकाळी पातळ का?

एक्लेअरमध्ये भरायच्या क्रीमची नोंद. प्रमाण नेहमीचंच: अर्धा लिटर फुल क्रीम दूध, 5 पिवळे बलक, 100 ग्रॅम साखर, 40 ग्रॅम कॉर्नफ्लोअर, चिमूटभर मीठ आणि शेवटी 30 ग्रॅम बटर.

या वेळी मुद्दाम एकाच घाणातून दोन भाग केले. मिश्रण दाटलं आणि व्हिस्कच्या रेषा दिसायला लागल्या, तेव्हा अर्धं काढून ठेवलं. उरलेलं गॅसवरच ठेवून, मधोमध जाड बुडबुडे फुटायला लागल्यावर आणखी दीड मिनिट सतत ढवळत शिजवलं. गरम असताना दोन्ही सारखीच घट्ट दिसत होती. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवल्यावर मात्र पहिलं चमच्यावरून ओघळलं आणि दुसरं चमच्यावर ठाम बसून राहिलं.

बलकात अमायलेझ नावाचं एन्झाइम असतं. ते स्टार्च तोडतं, आणि नीट उकळी आल्याशिवाय निकामी होत नाही. म्हणजे क्रीम दाटली म्हणून गॅस बंद केला, तर ती फ्रिजमध्येही हळूहळू पातळ होत राहते. कस्टर्डला उकळी आली की अंडं फाटतं, ही भीती इथे लागू नाही. स्टार्च असल्यामुळे बलकातली प्रथिनं सहजासहजी गोळा होत नाहीत. बिनस्टार्चच्या कस्टर्डला मात्र हा धीटपणा चालणार नाही.

गुठळ्यांचं मूळ बहुतेकदा गॅसवर नसतंच. कॉर्नफ्लोअर आधी कोरड्या साखरेत मिसळायचं, मग बलक घालून लगेच फेटायचं. बलकावर साखर नुसती पडून राहिली, तर पिवळे कडक कण होतात आणि ते पुढे विरघळत नाहीत. कडक गरम दूध पळीपळीने, फेटत फेटत घालायचं. परत गॅसवर ठेवल्यावर पातेल्याचा कोपरा सांभाळायचा, कारण व्हिस्क तिथे पोचत नाही आणि पहिला गोळा तिथेच धरतो. मी मधूनमधून सिलिकॉनचा स्पॅच्युला फिरवते. तरीही गोळा दिसलाच तर पातेलं खाली उतरवून जोरात फेटायचं, बहुतेक वेळा सुटतो. गाळणी शेवटी लावतेच.

अंड्याच्या वशट वासासाठी मी बलक तळहातावर हलकेच फिरवून त्याला चिकटलेला पांढरा भाग काढून टाकते. व्हॅनिला आणि बटर गॅस बंद केल्यावर. मग पसरट ट्रेमध्ये ओतून क्लिंग फिल्म थेट क्रीमला टेकवून लावायची; वर झाकली तर साय धरते आणि ढवळताना तिचेच तुकडे होतात.

थंड क्रीम फ्रिजमधून जेलीसारखी निघते. ती मऊ होईपर्यंतच ढवळायची. इलेक्ट्रिक बीटरने फेटत राहिलं की स्टार्चची जाळी तुटते, आणि नीट उकळलेली क्रीमसुद्धा पायपिंग बॅगच्या टोकातून गळायला लागते.