जोडव्याखालचा काळा पट्टा

सासऱ्यांच्या काळात आमचं इतवारीतलं दुकान वजनावर चालायचं. जोडवी तराजूत टाकायची, भाव सांगायचा, झालं. माप कोण घेतं? खुली जोडवी असायची. बोटात घालून चिमट्याने दाबली की बसली. मी गल्ल्यावर बसले तेव्हा मीही तेच करायचे.

मग एका मे महिन्यात एक ताई तावातावाने आल्या. "तुमच्या चांदीत भेसळ आहे. बघा माझं बोट!" दुसऱ्या बोटाभोवती काळा पट्टा. मी टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, काढून आणला, तर शंभरात ९२ च्या वर निघाला. मग साबणाच्या पाण्यात कापूस भिजवून बोटावर चोळला आणि कापूस काळा झाला. म्हणजे डाग वरचा होता, कातडीचा नव्हता.

चांदी मऊ, म्हणून दागिन्यात शंभरात साधारण साडेसात भाग तांबं असतं. घामातल्या नि हवेतल्या गंधकाने चांदीवर काळा थर चढतो, तांबंही घामाने काळवंडतं आणि ते कातडीवर उतरतं. पण ताईंचं खरं दुखणं मापाचं होतं. जोडवं सकाळी दाबलेलं, नागपूरच्या उन्हाळ्यात संध्याकाळी बोट फुगायचं. मी दोऱ्याने मोजलं: सकाळी घेर ४६ मिलिमीटर, संध्याकाळी ४९. आत पाणी अडकून राहायचं, त्यात फरशी पुसायचं ब्लीचिंगचं पाणी. दोन वर्षांत त्यांनी जोडवी एकदाही काढली नव्हती. सौभाग्याचं लेणं, पाय मोकळा कसा ठेवणार?

तेव्हापासून माप आम्ही संध्याकाळी, दोन्ही पायांचं वेगवेगळं घेतो. जोडवं सांध्यावरून थोडं अडकून उतरावं, पण खाली बसल्यावर बोटाभोवती फिरावं. खुलं जोडवं घरी पुन्हा पुन्हा दाबू नका. वाकवून वाकवून चांदी कडक होते आणि एक दिवस तडकते. पैंजणाला घोट्याच्या हाडाखाली एक बोट सैल पुरे. जास्त सैल झालं की कडी साडीच्या काठात अडकते.

काळजी म्हणाल तर आंघोळीनंतर बोटांच्या मधून कोरडा पंचा फिरवा. आठवड्यातून एकदा जोडवं काढून रिठ्याच्या पाण्यात मऊ ब्रशने धुवा. टूथपेस्ट नको, ओरखडे येतात. पाय मोकळा ठेवायचा नसेल त्यांना मी दुसरा जोड घ्या म्हणते: एक उतरवला की दुसरा घाला. (विक्रीसाठी सांगते असं धाकटी जाऊ म्हणते. थोडं खरं आहे.)

कापूस स्वच्छ निघाला आणि पट्टा तसाच राहिला, तर ते घासून काळवंडलेलं कातडं. त्याला महिने लागतात. खाज सुटली किंवा बोटांमध्ये पांढरी, ओली कातडी निघाली, तर मी जोडवं विकत नाही, त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवते.

त्या ताई अजूनही येतात. उजाळ्यात थोडी चांदी झिजते हे मी आधीच सांगते, म्हणून दोन दिवाळ्यांतून एकदाच.