पारावरची ९.५५

सोमवारी आमच्या एसटीच्या सकाळच्या फेरीला पाराच्या थांब्यावर एक आजी चढल्या. पुढच्या सीटवर बसल्या, आधार कार्ड काढून हातात धरलं आणि मी जवळ पोहोचताच म्हणाल्या, "शनिवारी तुमी लवकर आलात. मी वेळेवर आले हुते."

गाडी चुकलेले प्रवासी असं म्हणतातच, त्यामुळे कंडक्टर ते ऐकून पुढे सरकतो. आजींनी मात्र पिशवीतून प्लास्टिकची लहान पुडी काढली. तिच्यात आमचीच तिकिटं होती, एकावर एक नीट घडी घालून ठेवलेली. प्रत्येकावर छापलेल्या वेळेभोवती निळ्या पेनाने गोल केला होता. नातवाने केलेला. आजींना वाचता येत नाही. नातू तिकिटावरची वेळ वाचून दाखवतो आणि दुसऱ्या खेपेला आजी त्या हिशोबाने घरून निघतात. गोल केलेल्या वेळा होत्या १०.०८, १०.१०, १०.०७, १०.०९. एकच वेगळी होती, १०.२१, ती बाजाराच्या दिवसाची.

शनिवारी आजी दहा वाजून पाच मिनिटांनी पारावर पोहोचल्या. तिकिटांच्या हिशोबाने दोन-तीन मिनिटं हातात होती. गाडी मात्र निघून गेली होती. पुढची गाडी पावणेएकची, ती दीड वाजता तालुक्याला पोहोचते, आणि ग्रामीण रुग्णालयात केसपेपर तोवर बंद होतो. आजींच्या बीपीच्या गोळ्या शनिवारी संपल्या होत्या.

"मशीन खोटं छापतंय का रं बाबा?" एवढंच त्यांनी विचारलं.

मशीन खरंच छापतं. फक्त ती वेळ तिकीट फाडल्याची असते, गाडी आल्याची नव्हे. आमच्या कामात हा फरक रोज डोळ्यासमोर असतो, म्हणूनच तो कुणाला सांगावा असं सुचत नाही. पाराच्या आधी दोन किलोमीटरवर फाटा आहे. तिथे कॉलेजची पोरं चढतात, कधी वीस, कधी तीस. त्यांना तिकीट नसतं, पण प्रत्येकाचा पास बघावा लागतो, तारीख संपलेली नाही ना हे पाहावं लागतं. त्यांच्यात पाच-सात तिकिटवाले असतात, त्यांना सुट्टे द्यायचे असतात. मी मागून सुरुवात करतो. हे चाललेलं असतानाच चार मिनिटांत पार येतो, आजी पुढच्या सीटवर बसतात, डबल बेल होते आणि गाडी निघते. मागचं बुकिंग संपवून मी आजींपर्यंत येतो तोवर सहा ते नऊ मिनिटं गेलेली असतात. तेव्हा कुठे तिकीट निघतं. पंचाहत्तरीपुढच्या प्रवाशांना अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेत प्रवास मोफत आहे, तरी शून्य रुपयांचं तिकीट द्यावंच लागतं, आणि त्यावरही तारीख-वेळ येते. म्हणजे आजींच्या पुडीतली प्रत्येक वेळ सहा ते नऊ मिनिटांनी उशिराची होती. शनिवारी फाट्यावर पोरं कमी होती, गाडी ९.५८ ला पारावरून सुटली आणि हिशोब फसला.

तिकिटावर थांब्याचं नाव शोधूनही उपयोग नव्हता. एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर चालतं आणि मशीनला टप्पेच माहीत असतात. पार हा दोन टप्प्यांमधला थांबा. तिथून चढणाऱ्याला मागच्या टप्प्याचं, म्हणजे फाट्याचं तिकीट मिळतं. वेळापत्रकात तर पार कुठेच नाही. शेवटच्या गावाहून ९.३० ला सुटणार आणि तालुक्याला साधारण १०.२५ ला पोहोचणार, एवढंच त्यात आहे. मधल्या माणसाने काय करायचं? त्याने कुणाला तरी विचारायचं, नाहीतर आजींसारखी तिकिटं जमवायची.

त्या दिवसापासून पारावर डबल बेल दिली की मी घड्याळ बघून वेबिलाच्या पुठ्ठ्यामागे ठेवलेल्या कागदावर वेळ लिहू लागलो. दोन साप्ताहिक सुट्ट्या सोडून बारा दिवसांच्या नोंदी झाल्या: ९.५८, १०.०१, ९.५९, १०.०४, १०.१२, ९.५७, १०.०२, १०.००, ९.५९, १०.०५, १०.१४, १०.०३. यातली १०.१२ आणि १०.१४ बाजाराच्या दिवसांची. त्या दिवशी भाजीच्या पाट्या आणि कोंबड्यांच्या डालग्या चढवण्यातच वेळ जातो.

पहिल्यांदा मी सरासरी काढली. ती आली १०.०३. पारावर "गाडी १०.०३" असं लिहून लावायचं माझ्या मनात होतं. आमचे ड्रायव्हर मामा कागद बघून म्हणाले, "मग अर्ध्या दिवशी म्हातारी गाडीच्या मागंच पळणार की." मी मोजून पाहिलं. १०.०३ ला येणाऱ्या माणसाची गाडी बारापैकी सात दिवस आधीच गेलेली होती. म्हणजे अर्ध्याहून जास्त.

शाळेत शिकलेली सरासरी इथे चालत नाही, कारण लवकर आणि उशीर यांची किंमत सारखी नाही. गाडी पाच मिनिटं उशिरा आली तर माणूस पाच मिनिटं पारावर बसतो. तीच एक मिनिट लवकर गेली तर पावणेतीन तास आणि दवाखाना दोन्ही जातात. म्हणून पाटीवर लिहायची ती सगळ्यात लवकरची वेळ. नोंदीत ती ९.५७ होती, आम्ही दोन मिनिटं आणखी मागे घेऊन ९.५५ धरली. याचा भुर्दंडही बघितला: ९.५५ ला येणाऱ्याला त्या बारा दिवसांत सरासरी आठ मिनिटं थांबावं लागलं असतं, बाजाराच्या दिवशी जास्तीत जास्त एकोणीस. आजींना विचारलं तर म्हणाल्या, "एकोणीस मिंटं म्हंजी काय? दोन बायका भेटल्या की झाली."

शब्दांवरही अडलो. "गाडी येते ९.५५" लिहिलं आणि गाडी दहाला आली, तर चार दिवसांत लोक पाटीवर विश्वास ठेवायचं सोडतील आणि पुन्हा दहाला येऊ लागतील. म्हणून लिहिलं, "थांब्यावर ९.५५ ला या." पाटी माणसाला कधी यायचं ते सांगते, गाडीबद्दल वचन देत नाही.

पण अर्धं वचन आम्हालाही द्यावं लागलं: ९.५५ च्या आधी पारावरून गाडी हलवायची नाही. आमची जोडी असताना हे सोपं होतं. माझ्या सुट्टीच्या दिवशी बदली कंडक्टर येतो, कधी ड्रायव्हरही बदली असतो. त्यांना कोण सांगणार? म्हणून स्टँडवरच्या कंट्रोलर साहेबांना कागद दाखवला. त्यांनी बारा वेळांवरून बोट फिरवलं, फक्त "महामंडळाचं नाव पाटीवर टाकू नका, ती कार्यालयाची परवानगी निराळी" असं सांगितलं, आणि त्या ड्युटीच्या कागदावर एक ओळ वाढवली: पार, ९.५५ पूर्वी सुटू नये. जो कुणी ती ड्युटी घेईल त्याच्या हातात ती ओळ पडते. माझ्या मते पाटीपेक्षा या ओळीचं काम मोठं आहे.

पाटी म्हणजे जुन्या कॅलेंडरचं उलटं पान, पुठ्ठ्यावर चिकटवलेलं, वर जाड प्लास्टिक. पारावर टांगली असती तर पहिल्याच पावसात गेली असती. म्हणून समोरच्या दूध डेअरीत, आतल्या भिंतीवर घड्याळाशेजारी लावली. डेअरीवाल्या दादांचा आणखी एक उपयोग झाला. फेरी रद्द झाली किंवा गाडी वाटेत बिघडली की पाटी खोटी ठरते, आणि हे आम्हाला सगळ्यांच्या आधी कळतं. तेव्हा डेअरीत एक फोन करायचा आणि दादांनी पाटीवर पोतं टाकायचं, असं ठरलं. पाटी झाकली की गाडी नाही, हे वाचता न येणाऱ्यालाही कळतं.

मोठी चूक दिवाळीच्या सुट्टीत कळली. माझे बारा दिवस सगळे कॉलेज चालू असतानाचे होते. सुट्टी लागली, फाट्यावर पोरं नाहीत, जिथे चार मिनिटं लागायची तिथे अर्ध्या मिनिटात काम झालं आणि गाडी ९.५२ ला पारावर उभी. ड्युटीच्या कागदावरच्या ओळीमुळे आम्ही तीन मिनिटं थांबलो. आतले लोक कुरकुरले, "का थांबवली?" मी मोठ्याने सांगितलं की इथली वेळ ९.५५ आहे. ९.५४ ला वळणावरून दोन बायका येताना दिसल्या, मुलाला कडेवर घेतलेली एक आणि दुसरी तिची सासू. त्या चढल्या तशी कुरकुर थांबली. ती ओळ नसती तर पाटी बघून आलेल्या या दोघींची गाडी चुकली असती. कुणाला दुसऱ्या थांब्यावर असं करायचं असेल तर नोंदी सुट्टीतल्याही घ्याव्यात आणि वेळ त्यांच्यावरून ठरवावी. सगळ्यात मोकळी गाडी कधी धावते ते आधी शोधायचं.

दुसरी अडचण उलट बाजूची. शेवटच्या गावाजवळच्या शाळेच्या थांब्यावर अशी पाटी हवी म्हणून मागणी आली. तिथे आम्ही ९.३३ ते ९.३५ च्या दरम्यानच असतो, कारण गाडी नुकतीच सुटलेली असते, वेळ सांडायला जागाच नसते. तिथे नोंदी घेण्याची गरज नाही, सुटायची वेळ सांगितली की पुरे. जितका थांबा दूर, आणि मधे जितके गर्दीचे थांबे जास्त, तितकी वेळ पसरते. पाटी तिथेच लावण्यात अर्थ आहे.

एक गोष्ट आजींनीच दुरुस्त केली. पाटी लावल्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी डेअरीत ती बघितली आणि मला म्हणाल्या, "हे आकडे मला काय कळत्यात?" खरं होतं. जिच्या पुडीतून हे सगळं निघालं तिलाच पाटी वाचता येत नव्हती. रविवारी नातवाने त्या पानावर ताटली ठेवून गोल काढला, त्यात काटे काढले, लहान काटा दहाच्या अगदी जवळ, मोठा अकरावर. शेजारी डेअरीचं खरं घड्याळ. दोन्हींचे काटे सारखे व्हायच्या आत पारावर यायचं.

पुढच्या सोमवारी आजी चढल्या, आधार कार्ड काढलं आणि म्हणाल्या, "जायचं घड्याळ झालं. परतीचं कुठाय?"

परतीची गाडी स्टँडवरून दीड वाजता सुटते, ती वेळ ठरलेली आहे. संध्याकाळी नातवाने दुसरी ताटली ठेवून दुसरा गोल काढला.