आमची वाटचाल: विक्री वाढली आणि दुकान बुडायला निघालं

सायकलचं दुकान मी आणि माझ्या भागीदाराने मिळून काढलं. तो हाताचा कसबी. रिमचा वाक काढायच्या स्टँडवर चाक चढवून एकेक स्पोक चावीने ताणत बसायचा, आणि चाक हलायचं थांबलं की मगच उठायचा. तो स्टँड आजही दुकानात आहे. हिशेब माझ्याकडे होता, आणि चूक झाली ती हिशेबातच.

दरमहा स्थिर खर्च 90,000: भाडं, पगार, वीज, कर्जाचा हप्ता. माल तीन तऱ्हेचा. नव्या सायकली, सुटे भाग, आणि हेल्मेट-कुलूप-दिवे असं जोडसाहित्य. शंभराच्या विक्रीतून खरेदी, वाहतूक, जोडणीची नगामागची मजुरी असे बदलते खर्च वजा जाता सायकलीत 14 उरायचे, सुट्या भागांत 40, जोडसाहित्यात 30. हेच त्या मालाचं अंशदान. मी तिन्हींची सरळ सरासरी काढली, 28. 90,000 ला 0.28 ने भागलं, 3,21,000 च्या आसपास आकडा आला, आणि तो ब्रेक-इव्हन, म्हणजे ना नफा ना तोटा होईल इतकी महिन्याची विक्री, म्हणून भिंतीवर लावला.

तेव्हा आमची विक्री महिना 4,00,000 होती. त्यात निम्म्या सायकली, 30 टक्के सुटे भाग, 20 टक्के जोडसाहित्य. या वाट्यांनी भारित सरासरी काढली असती तर सायकलीतून 7, भागांतून 12, जोडसाहित्यातून 6, मिळून 25 आले असते. म्हणजे खरा ब्रेक-इव्हन 3,60,000. भिंतीवरचा आकडा जवळजवळ 39,000 ने खोटा होता, पण महिन्याला 10,000 सुटत होते, म्हणून कुणाला कळलं नाही.

मग आमच्याकडेच साखळी बसवायला शिकलेल्या मुलाने समोर दुकान थाटलं. ट्यूब, ब्रेक-शू, साखळ्या तो खरेदीच्या भावात द्यायला लागला. इतकी वर्षं झाली, तरी ते मला अजून सलतं. आमचे सुट्या भागांचे गिऱ्हाईक तिकडे वळले, आणि आम्ही ईर्ष्येने सायकलींवर जोर दिला. सायकली विकल्याही! विक्री 4,20,000 वर गेली. भिंतीवरच्या आकड्यापेक्षा लाखभर वर. भागीदाराने पेढे वाटायचं म्हटलं, मीही हो म्हणालो.

सातव्या महिन्यात पुरवठादाराचं बिल भरायला बँकेत पैसे नव्हते. गल्ला भरतोय आणि खातं रिकामं, हे कसं, म्हणून मी विक्रीची वही मालवार वेगळी मांडली. आता 75 टक्के सायकली, 15 टक्के भाग, 10 टक्के जोडसाहित्य. भारित अंशदान 10.5 अधिक 6 अधिक 3, म्हणजे 19.5. ब्रेक-इव्हन 4,61,500 वर जाऊन बसला होता. 4,20,000 च्या विक्रीतून 81,900 उरत होते आणि खर्च 90,000. दरमहा 8,100 चा तोटा, सात महिन्यांत 56,700. भाव तेच, खर्च तोच. फक्त मिश्रण बदललं होतं.

त्या काळात भाड्याने सायकली देणारे एक काका आम्हाला सोडून गेले नाहीत. समोर स्वस्त मिळत असूनही दर सोमवारी यायचे. त्यांच्या 10,000 च्या सुट्या भागांतून आम्हाला 4,000 सुटायचे. तेवढेच सायकलींतून मिळवायला 28,500 हून जास्त विक्री लागते. हे कागदावर दिसलं तेव्हा काकांसाठी नेहमी लागणाऱ्या भागांचा आठवड्याचा संच आधीच बांधून ठेवायला लागलो. नव्या सायकलीच्या गिऱ्हाइकाला कुलूप आणि दिवा दाखवल्याशिवाय पावती करायची नाही, असंही ठरवलं.

तीन महिन्यांत मिश्रण 60, 25, 15 वर आलं. अंशदान 8.4, 10 आणि 4.5, एकूण 22.9. ब्रेक-इव्हन 3,93,000. विक्री 4,05,000 वर उतरली, तरी पावणेतीन हजार सुटले. भागीदार आधी विक्री घटली म्हणून हिरमुसला होता, नंतर वही दोनदा वाचून गप्प बसला.

पुढची वर्षं सुरळीत गेली.

नवीन दुकानदारांना एक सांगतो. वाटा नगांवर मोजू नका. आम्ही दहा सायकलींबरोबर शेकडो ट्यूब विकायचो. अंशदान शेकड्यात धरून नगांचे वाटे लावले तर सुट्या भागांचा वाटा फुगतो आणि ब्रेक-इव्हन फसवा खाली येतो. शेकड्यातलं अंशदान असेल तर वाटा विक्रीच्या रकमेचा घ्या, नगांचा वाटा घ्यायचा असेल तर अंशदानही नगामागचं घ्या. आणि भाडं तिन्ही मालांवर वाटून प्रत्येकाचा वेगळा ब्रेक-इव्हन काढू नका. भाडं दुकानाचं आहे, ट्यूबचं नाही. दुसरा कारागीर पगारावर घेतलात की 90,000 चा आकडाच बदलतो, मग सगळं नव्याने मांडा.

मी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तीन वाटे नव्याने लिहितो. भिंतीवरचा जुना कागद काढला, त्याचा चिकटपट्टीचा डाग अजून आहे.