टेस्टमध्ये नेट गेलं, वाढीव वेळ देणार कोण?

नोकरीसाठी ९० मिनिटांची ऑनलाइन कोडिंग टेस्ट, तीन प्रश्न. पहिला सुटला, दुसरा अर्ध्यावर आला आणि नेट गेलं. परत जोडलं जाऊन पान रिफ्रेश केलं तर घड्याळातली १९ मिनिटं गायब! अशा टेस्टची वेळ सर्व्हरवर मोजली जाते. टॅब बंद करा नाहीतर लॅपटॉप, ती थांबत नाही.

लगेच कोपऱ्यातल्या सपोर्ट चॅटवर लिहिलं. उत्तर आलं, "वेळ वाढवायचा अधिकार टेस्ट घेणाऱ्या कंपनीकडे आहे." कंपनीच्या एचआरला मेल केला, तर त्या म्हणतात, "तांत्रिक अडचणीसाठी प्लॅटफॉर्मच्या सपोर्टशी बोला." झाली टोलवाटोलवी सुरू. तोवर वेळ संपली आणि अर्धवट उत्तर आपोआप सबमिट झालं.

खरं तर चॅटवाला बरोबर होता. वेळ वाढवायची किंवा टेस्ट पुन्हा उघडायची सोय कंपनीच्या ॲडमिन खात्यात असते. पण एचआर मॅडमना याची कल्पनाच नव्हती, आणि "नेट गेलं होतं" एवढ्यावर कोण विश्वास ठेवणार? शेवटी सपोर्टकडून माझ्या सेशनचा लॉग मागितला. ११:२४ ला संपर्क तुटला, ११:४३ ला पुन्हा जुळला, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं. तो लॉग आणि चॅटवरचं उत्तर, दोन्ही एचआरच्या त्याच मेलच्या खाली जोडलं. विषयात टेस्टचं नाव आणि ज्या ईमेलवर निमंत्रण आलं तो पत्ता घातला, म्हणजे ॲडमिनला शोधाशोध नको. मग कुठे चाकं हलली.

मी मागितली होती फक्त १९ मिनिटं. पण टेस्ट सबमिट झाल्यावर, प्रश्न पाहून झालेल्या माणसाला तीच टेस्ट पुन्हा उघडून द्यायला कंपनी तयार नव्हती. नवी लिंक आली, प्रश्नही नवे. सुटलेला पहिला प्रश्न पाण्यात! याचा राग अजून गेलेला नाही. म्हणून वेळ शिल्लक असतानाच एचआरला थेट फोन करा. चालू टेस्टमध्ये मिनिटं वाढवणं त्यांना सोपं जातं.

आजारपणाचं गणित वेगळं. माझ्या मैत्रिणीला आदल्या दिवशी ताप आला. तिने जादा वेळ न मागता लिंकची मुदत पुढे ढकलून मागितली आणि ती मिळालीही. कायमच्या त्रासासाठी जादा मिनिटं हवी असतील, तर ती टेस्ट सुरू करण्याआधीच लावून घ्यायची.

हो, आणि स्क्रीनशॉट काढायचाच तर कॉम्प्युटरचं घड्याळ दिसेल असा पूर्ण पडद्याचा काढा. देखरेखीतल्या टेस्टमध्ये मात्र स्क्रीनशॉटची कळच संशयास्पद म्हणून नोंदली जाऊ शकते, तिथे फोनने फोटोही नको, लॉगच मागा. मधेच मोबाइल हॉटस्पॉटवर गेला असाल तर तेही मेलमध्ये आधीच सांगून टाका. आयपी पत्ता बदललेला त्यांना दिसतो.